लाल-पांढऱ्या कांडीत खेकडा किती?

सुशीतली किंवा सॅलडमधली क्रॅब स्टिक पुढच्या वेळी खाण्याआधी बोटांनी सोलून बघा. कागदाच्या गुंडाळीसारखे पदर सुटतात आणि लाल रंग फक्त वरच्या पापुद्र्यालाच असतो. चिंबोरीचं मांस असं कधी सुटत नाही. कारण ही कांडी खेकड्याची नाहीच, माशाची आहे!

या माशाच्या लगद्याला जपानी भाषेत ‘सुरिमी’ म्हणतात. अलास्कात त्यासाठी पोलॉक मासा वापरतात, आपल्याकडे मुख्यतः राणी मासा. आपल्या रत्नागिरीतही सुरिमी बनते. माशाचा खिमा थंडगार पाण्यात पुन्हा पुन्हा धुतात. रक्त, चरबी आणि वास निघून जातो, उरतं ते स्नायूंमधलं चिवट प्रथिन. चव जवळपास शून्य! मग पाणी पिळून त्यात साखर मिसळतात आणि गोठवतात. साखर गोडीसाठी नाही बरं का. ती नसेल तर बर्फात हे प्रथिन बिघडतं आणि पुढे लगदा नीट घट्ट होत नाही. ही युक्ती जपानमध्ये होक्काइदोतल्या संशोधकांनी १९६०च्या सुमारास शोधली. तोपर्यंत सुरिमी ताजी असतानाच वापरावी लागायची.

खरी जादू मिठाची. गोठलेल्या सुरिमीत मीठ घालून ती थंड ठेवतच घोटली, की प्रथिन विरघळून चिकट पीठ तयार होतं. त्यात स्टार्च, अंड्याचा पांढरा भाग, पाणी आणि खेकड्याचा फ्लेवर जातो. हे पीठ पातळ थरात पसरून वाफवतात, त्यावर बारीक रेषा कापतात आणि गुंडाळून दोरी करतात. तुम्हाला जे ‘धागे’ वाटतात, ते म्हणजे या रेषा. तापवताना मात्र घाई लागते. साठ अंशांच्या आसपास लगदा रेंगाळला तर माशातलीच एन्झाइम्स प्रथिन तोडतात आणि कांडी भुसभुशीत होते. अंड्याचा पांढरा भाग ही तोडफोड रोखायलाही मदत करतो.

आता ताटात काय येतं ते बघू. शंभर ग्रॅम शिजवलेल्या खेकड्यात साधारण १८-१९ ग्रॅम प्रथिनं असतात, कर्बोदकं जवळजवळ नाहीत. तेवढ्याच क्रॅब स्टिकमध्ये प्रथिनं सुमारे ८ ग्रॅम आणि कर्बोदकं १५च्या घरात. कॅलरी मात्र दोन्हींत जवळपास सारख्याच, शंभरच्या आतबाहेर! म्हणजे जिमवाल्यांनो, प्रोटीनसाठी ही कांडी घेत असाल तर अर्ध्याहून जास्त प्रथिनांच्या जागी स्टार्च आणि साखर खाताय. ब्रँडनुसार आकडे बदलतात, तेव्हा पाकीट उलटून बघाच.

ग्रुपमध्ये कुणाला ॲलर्जी असेल तर पाकीट बघणं आणखी गरजेचं. खेकड्याची ॲलर्जी असलेला ‘यात खेकडा नाही ना’ म्हणून बिनधास्त खातो, पण फ्लेवरसाठी काही कंपन्या खऱ्या खेकड्याचा अर्क वापरतात. शिवाय मासा आणि बहुतेकदा अंडं असतंच, गहू आणि सोयाही असू शकतात. सुशी काउंटरवर कांडी पाकिटाबाहेरच असते. तिथे मूळ पाकीट दाखवायला सांगा.