काम मोजून, दर बांधून

पुस्तकाची मांडणी करणाऱ्याला फोन येतो, "पान कितीला लावता?" तो पानाचा दर सांगतो आणि काम घेतो. मजकूर जुन्या श्रीलिपीत येतो, फोटो व्हॉट्सअॅपवर येतात आणि शेवटच्या प्रुफात लेखक नवं प्रकरण घालतो. पानं तेवढीच भरतात, तास मात्र दुप्पट लागतात.

यावर उपाय म्हणजे हाताला बसलेल्या कामाचं एक ठराविक पॅकेज करायचं. पहिली पायरी हिशेबाची. मागच्या चार-पाच पुस्तकांना प्रत्यक्ष किती तास लागले ते लिहून काढा, फोनवर गेलेला वेळसुद्धा. समजा, ३० हजार शब्दांच्या आत्मकथनाला फाँट बदलून मजकूर साफ करायला ४ तास, मांडणीला ८, दोन प्रुफांच्या दुरुस्त्यांना ६ आणि बोलण्यात ४, असे २२ तास लागतात. तासाला ४०० रुपये धरले तर ८,८०० होतात. अडीअडचणीसाठी थोडी भर घालून १०,५०० रुपये हा दर बांधता येतो.

दुसरी पायरी हद्द आखण्याची. डेमी आकार, ३० हजार शब्दांपर्यंत मजकूर, १० फोटो, दोन प्रुफं आणि शेवटी छपाईची पीडीएफ, एवढंच या दरात. मुखपृष्ठ, टंकलेखन आणि शुद्धलेखन तपासणी यात नाही, हेही लेखी द्यायचं. डेमीच्या पानावर साधारण २६० शब्द बसतात असं धरलं, तर मजकुराची ११६ पानं होतात. सुरुवातीची शीर्षक, अर्पणपत्रिका वगैरे पानं मिळून १२८, म्हणजे १६ पानी आठ फर्मे.

दुरुस्ती कशाला म्हणायचं, हे ठरवणं सर्वांत महत्त्वाचं. चुकलेली वेलांटी किंवा फाँट बदलताना सरकलेला रफार ही दुरुस्ती. विसाव्या पानावर नवा परिच्छेद घातला, तर पुढची सगळी पानं सरकू शकतात आणि अनुक्रमणिकाही बदलावी लागते. ते नवं काम, त्याचा दर वेगळा.

तिसरी पायरी वेळापत्रकाची. पूर्ण मजकूर आणि निम्मी रक्कम हातात आली की दिवस मोजायला सुरुवात. दुसऱ्या दिवशी नमुन्याची चार पानं पाठवायची. अक्षराचा आकार तिथेच मंजूर करून घेतला की पुढचा वाद टळतो. सातव्या दिवशी पहिलं प्रुफ. लेखकाने आठवड्यात ते परत केलं नाही, तर तारीख तेवढी पुढे जाते. उरलेली रक्कम मिळाल्यावर अंतिम पीडीएफ द्यायची.

तळटीपा आणि तक्ते असलेला प्रबंध मात्र या पॅकेजात बसत नाही. त्याला वेगळा अंदाज द्यावा किंवा सरळ नाही म्हणावं. पॅकेज सुरू झाल्यावरही तासांची नोंद ठेवा. ओळीने तीन कामं २२ तासांच्या बरीच वर गेली, तर दर वाढवा किंवा हद्द आवळा. जादा तास मुकाट्याने पदरात घेऊ नका.