कोलिस्टिनचा आकडा : दोन की चार?

रुग्णाच्या रक्तातून वाढवलेल्या क्लेबसिएला न्यूमोनिए या जंतूपुढे बाकीची प्रतिजैविके निष्प्रभ ठरली आणि मूत्रपिंडाला अपाय करणारे, जुने कोलिस्टिन तेवढे हाती उरले, म्हणजे त्या औषधाच्या किती सांद्रतेला हा जंतू वाढायचा थांबतो, हे प्रयोगशाळेला सांगावे लागते. या सांद्रतेला किमान निरोधक सांद्रता म्हणतात आणि प्रयोगशाळेत तिचा उल्लेख ‘एमआयसी’ असाच होतो. औषध लावलेली कागदी चकती जिलेटिनसारख्या घट्ट आगारावर ठेवून भोवतालचे वर्तुळ मोजण्याची नेहमीची पद्धत येथे कामाची नाही, कारण कोलिस्टिनचा थोराड रेणू आगारात नीट पसरत नाही; म्हणून द्रवात औषध विरळ करत नेण्याचा, अधिक कष्टाचा मार्ग धरावा लागतो.

त्यासाठी ९६ खळग्यांची प्लास्टिकची तबकडी घेतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे प्रमाण नेमके राखलेल्या म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये औषध दर पायरीला निम्मे होत जाईल अशा बेताने ते खळग्यांत भरले जाते, म्हणजे शेवटी १६, ८, ४, २, १, ०.५ आणि ०.२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी उतरंड तयार होते. जंतूंच्या ताज्या वसाहती सलाइनमध्ये कालवून द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणाशी जुळवतात, ते सुमारे दीडशेपट विरळ करतात आणि अर्ध्या तासाच्या आत प्रत्येक खळग्यात औषधाइतकेच घालतात, जेणेकरून मिलिलिटरमागे सुमारे ५ लाख जंतू राहावेत. एका खळग्यात औषधाविना जंतू आणि दुसऱ्यात नुसता ब्रॉथ ठेवतात. पहिल्यात वाढ दिसली नाही किंवा दुसऱ्यात दिसली, तर सबंध तबकडी बाद समजावी.

औषध एका खळग्यातून दुसऱ्यात नेताना पिपेटचे टोक बदलले नाही, तर वरच्या खळग्यातले औषध खाली झिरपत जाते, खालच्या खळग्यांत नोंदलेल्यापेक्षा अधिक औषध साचते आणि जंतू आहे त्याहून दुबळा भासतो. उलटपक्षी, कोलिस्टिन प्लास्टिकला चिकटते. ते जितके चिकटेल तितके द्रवात कमी उरते आणि जंतू आहे त्याहून चिवट भासतो. म्हणून तबकडी प्रक्रिया न केलेल्या साध्या पॉलिस्टायरीनची वापरतात, औषध सल्फेट क्षाराच्या रूपात घेतात आणि ज्याची मर्यादा ठाऊक आहे असा ई. कोलाय २५९२२ हा वाण प्रत्येक खेपेस सोबत तपासतात. त्याचा आकडा ०.२५ ते २ या मर्यादेबाहेर गेला, तर रुग्णाच्या जंतूचा निकाल लिहिता येत नाही.

३५ अंश सेल्सिअसला १६ ते २० तास ठेवल्यावर तबकडी काळ्या पार्श्वभूमीवर धरून नुसत्या डोळ्यांनी वाचतात. समजा, ०.२५, ०.५ आणि १ हे खळगे गढूळ आहेत व २ पासून पुढचे सर्व स्वच्छ आहेत, तर किमान निरोधक सांद्रता २ झाली. स्वच्छ खळग्यात जंतू मेलेच असे मात्र नाही. त्यांची डोळ्यांना दिसेल इतकी वाढ झाली नाही, एवढेच तो खळगा सांगतो. १ स्वच्छ, २ गढूळ आणि ४ पुन्हा स्वच्छ असा एखादाच खंड पडला, तर आकडा ४ धरतात; एकापेक्षा अधिक खंड पडले, तर चाचणी पुन्हा करावी. काही जंतूंत अल्पसंख्य प्रतिरोधी पेशी दडलेल्या असतात आणि असे खंड त्यांचाही इशारा असू शकतात, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

आता त्या दोनाचा अर्थ पाहू. जंतू १ ला वाढला, २ ला वाढला नाही. म्हणजे खरे मूल्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि एका पायरीची चूक या पद्धतीत गृहीतच धरलेली असल्याने त्याच जंतूचा आकडा उद्या १ किंवा ४ आला तरी तपासणी चुकली असे म्हणता येत नाही. पण सीमारेषाही येथेच आहे. युरोपातील युकास्टच्या तक्त्यात २ पर्यंतचा आकडा संवेदनशील गणतात, तर अमेरिकेतील सीएलएसआयने २०२० पासून संवेदनशील हा वर्गच काढून २ पर्यंतचा आकडा मध्यम ठरवला. ४ मात्र दोन्हींकडे प्रतिरोधीच. एकाच पायरीच्या फरकाने निकालात मोठी तफावत पडते ती अशी, आणि म्हणून माझ्या मते २ आल्यावर फेरतपासणी केलीच पाहिजे.

आकड्याचा अर्थ असा सीमारेषेवर ठरत असल्याने दोन औषधांचे आकडे परस्परांशी ताडून पाहणे सर्वथा चुकीचे आहे. ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचा आकडा १ असेल तर तो प्रतिरोधी, आणि अमिकासिनचा २ असेल तर तो संवेदनशील, कारण शरीरात प्रत्येक औषध किती साठते यावर त्याची सीमारेषा ठरते. डॉक्टरांनी अहवाल हाती घेतल्यावर आकड्याशेजारी पद्धतीचे आणि तक्त्याचे नाव लिहिले आहे का, हे प्रथम पाहावे. ते नसेल तर औषध ठरवण्यापूर्वी प्रयोगशाळेला विचारावे.