निस्पंद, प्रस्पंद आणि तंबोऱ्याची घोडी

दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली तार छेडली की तिच्यातून एक तरंग उजवीकडे आणि एक डावीकडे धावतो. टोक हलू शकत नसल्यामुळे तिथे पोचलेला तरंग उलटा होऊन परततो: वर उचललेला फुगवटा खाली दबलेला होऊन मागे येतो. जाणारे आणि परतणारे तरंग एकमेकांत मिसळत राहतात. त्यांची लांबी तारेच्या लांबीशी जुळली, तर तार पुढे-मागे सरकणाऱ्या लाटेसारखी न दिसता जागच्या जागी फुगते आणि आकसते. हाच स्थिर तरंग. त्यातल्या काही बिंदूंवर दोन्ही तरंग प्रत्येक क्षणी एकमेकांना पुरते खोडून काढतात, आणि तार तिथे मुळीच हलत नाही. हे निस्पंद बिंदू. लगतच्या दोन निस्पंदांच्या बरोबर मध्ये तार सर्वाधिक हलते, तो प्रस्पंद बिंदू.

बारावीच्या पुस्तकातली आकृती हेच दाखवते. ती तंबोऱ्याच्या तारेवर काढून पाहिली तर अधिक बोलकी होते. मेरूपासून घोडीपर्यंतची तार ९० सेंटिमीटर धरू. आलेख कागदावर १८ सेंटिमीटरची आडवी रेघ मारली की कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे तारेवरचे ५ सेंटिमीटर. रेघेच्या दोन्ही टोकांना ‘नि’ लिहावे, कारण बांधलेले टोक हा प्रत्येक आकृतीत निस्पंदच असतो. पहिल्या संनादीत या दोन निस्पंदांमध्ये एकच फुगवटा बसतो आणि त्याचा प्रस्पंद रेघेच्या ९ सेंटिमीटरवर येतो. दुसऱ्या संनादीत मधोमध नवा निस्पंद तयार होतो आणि दोन फुगवटे होतात. त्यांचे प्रस्पंद साडेचार आणि साडेतेरा सेंटिमीटरवर. तिसऱ्या संनादीचे निस्पंद ०, ६, १२ आणि १८ वर, प्रस्पंद ३, ९ आणि १५ वर. चौथ्या संनादीत चार फुगवटे. फुगवटे जितके, प्रस्पंदही तितकेच; निस्पंद त्यांच्यापेक्षा एक जास्त. टोकाचे निस्पंद मोजायचे राहिले, की हा हिशेब हमखास चुकतो.

प्रत्येक फुगवटा एका अखंड आणि एका तुटक रेघेने काढण्याची पद्धत आहे. त्यामुळे तार एकाच वेळी वरही आहे आणि खालीही, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात त्या रेघा म्हणजे अर्ध्या कंपनाच्या अंतराने तारेने गाठलेल्या दोन टोकाच्या स्थिती. अखंड रेघ वर असते तेव्हा शेजारच्या फुगवट्यात ती खाली असते. निस्पंदाच्या दोन्ही बाजू नेहमी उलट दिशांना हलतात. तरंगलांबी मोजतानाही दोन लगतचे फुगवटे मिळून एक लांबी धरावी लागते. म्हणून पहिल्या संनादीची तरंगलांबी तारेच्या दुप्पट, म्हणजे १८० सेंटिमीटर असते. ती तारेत मावत नाही, यात चुकीचे काही नाही.

वारंवारतेचे सूत्र f = nv/2L असे आहे. n हा संनादीचा क्रमांक, L तारेची लांबी आणि v तारेवरून तरंग धावण्याचा वेग. जोडीच्या तारेचा षड्ज १३० हर्ट्झ धरला, तर ९० सेंटिमीटर तारेवर हा वेग सेकंदाला २३४ मीटर निघतो. तार ०.३ मिलिमीटर जाडीची पोलादी असेल तर त्यासाठी सुमारे ३० न्यूटनचा ताण लागतो, म्हणजे तारेला तीन किलो वजन टांगल्याइतका. खुंटी पिळल्यावर वाढतो तो हा ताण आणि त्याच्याबरोबर वेग. निस्पंदांच्या जागा मात्र तसूभरही सरकत नाहीत.

खर्जाच्या तारेचा षड्ज याच्या निम्मा, ६५ हर्ट्झ. तिच्या संनादी ६५, १३०, १९५, २६० आणि ३२५ हर्ट्झ अशा चढत जातात. पहिली, दुसरी आणि चौथी हे वेगवेगळ्या सप्तकांतले षड्ज, तिसरी पंचम. आणि पाचवी, चौथीच्या सव्वापट असल्याने, शुद्ध गंधार. गंधाराची तार न लावताही चांगल्या तंबोऱ्यात ऐकू येणारा ‘स्वयंभू गंधार’ तो हाच. इथे क्रमांकाचा एक घोळ टाळायला हवा: दुसरी संनादी म्हणजे पहिला अधिस्वर. त्यामुळे हा गंधार पाचवी संनादी असला, तरी अधिस्वर म्हणून चौथा.

पुस्तकात या संनादींच्या आकृत्या एकाखाली एक, सारख्या उंचीच्या काढतात. छेडलेली तार मात्र त्या सगळ्या एकाच वेळी वाजवते, आणि सारख्या जोराने नाही. तार बरोबर मध्ये बोटाने ओढून सोडली, तर तिसऱ्या संनादीचा झोल पहिलीच्या नवव्या हिश्शाएवढाच असतो. दुसरी आणि चौथी तर उमटतच नाहीत, कारण मध्यावर त्यांचा निस्पंद आहे आणि जिथे तार हलायचीच नाही तिथे ओढून ती संनादी जागी करता येत नाही. हा नियम टॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जातो. प्रयोगशाळेतल्या सोनोमीटरवर तो पडताळता येतो: तार मध्ये छेडून लगेच तिथेच बोट हलके टेकवायचे. विषम संनादींचा प्रस्पंद मध्यावर असल्याने त्या बोटाने विझतात, सम संनादी मुळात नव्हत्याच, आणि तार गप्प होते.

तंबोरा हा नियम मोडतो. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समधून भारतीय तंतुवाद्यांवरचा छोटा निबंध प्रसिद्ध केला. तंबोऱ्याची किंवा वीणेची तार एखाद्या संनादीच्या निस्पंदावरच छेडली आणि लगेच तिथेच बोट टेकवले, तर यंग यांच्या हिशेबाने शांतता हवी. रामन यांना तिथे तीच संनादी खणखणीत वाजताना आढळली. तंबोरा सहसा मध्याच्या आसपास छेडला जातो, तरी त्यात सम संनादी दणकून ऐकू येतात, हे गवयांच्या कानांना नवे नव्हते. कारण शोधायचे राहिले होते.

कारण घोडीत आहे. आकृतीतले उजवे टोक एका बिंदूवर घट्ट बांधलेले असते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिचा माथा अगदी हलका उतार देऊन घासलेला असतो. हे घासणे म्हणजेच जवारी काढणे. मिरजेच्या तंबोरा करणाऱ्या कारागिरांचा बराच वेळ या उतारावर जातो. तार खाली येते तेव्हा ती माथ्याला अधिक लांबीवर टेकते, वर जाते तेव्हा सुटते. म्हणजे प्रत्येक कंपनात तिची मोकळी लांबी किंचित कमी-जास्त होते आणि टोकाचा निस्पंद एका जागी न राहता माथ्यावर मागे-पुढे सरकतो. या टेकण्या-सुटण्यात पहिल्या संनादीची ऊर्जा वरच्या संनादींकडे वळत राहते. छेडताना ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांनाही त्यातला वाटा मिळतो. आकृतीतल्या संनादी एकमेकींपासून स्वतंत्र राहतात. इथे त्या घोडीमुळे एकमेकींशी जोडल्या जातात.

तारेखाली सरकवलेला सुती दोरा, ज्याला जीवा म्हणतात, ही देवघेव ताब्यात ठेवतो. तो योग्य जागी आला की जवारी ‘उघडते’ आणि गंधार स्पष्ट होतो. पुढे-मागे सरकला की आवाज बंद, कोरडा येतो किंवा नुसता खरखरतो. घोडीचा माथा वापराने झिजून तिथे तारेची खाच पडली तर दोरा कितीही सरकवून उपयोग होत नाही, कारण तार त्या खाचेत एकाच जागी अडकते आणि तिचे टोक पुन्हा पुस्तकातल्यासारखे स्थिर होते. अशा वेळी जवारी नव्याने काढून घ्यावी लागते.

तंबोऱ्यासाठी आकृती काढायची तर चार संनादींच्या रेघा तशाच ठेवून फक्त उजव्या टोकाच्या ‘नि’ऐवजी एक छोटा उतार काढावा, आणि त्यावर तार जिथे जिथे टेकते तेवढा पट्टा दाखवावा. कागदावर तो पट्टा जेमतेम मिलिमीटरभर येईल.