विश्लेषण : टेम्पोचा फेरा कसा आखावा? डिझेल कुठे वाचते, उशीर कुठे होतो?

किराणा मालाच्या छोट्या वितरकाकडे तीन-चार टेम्पो असतात. सकाळी बिले हातात पडली की कोणती दुकाने कोणत्या गाडीत, हे बहुधा अंदाजाने ठरते. डिझेलचा खर्च वाढतो तो इथेच.

दुकानांची जोडी कशी लावायची?

यासाठी जी. क्लार्क आणि जे. डब्ल्यू. राइट यांनी 1964 मध्ये मांडलेली ‘बचत पद्धत’ आजही उपयोगी पडते. दोन दुकानांसाठी गोदामातून वेगळे फेरे न मारता एकाच फेरीत दोन्ही केली, तर किती किलोमीटर वाचतात, एवढेच पाहायचे.

समजा, गोदाम पुण्यातील मार्केट यार्डात आहे. तिथून कोथरूड 8, वारजे 10 आणि हडपसर 8 किलोमीटर धरू. कोथरूड ते वारजे 4 किलोमीटर. दोन वेगळ्या फेऱ्या केल्या तर 36 किलोमीटर होतात, एकत्र केली तर 22. बचत 14 किलोमीटरची, म्हणजे लिटरला 14 किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे एक लिटर डिझेल. कोथरूड आणि हडपसर यांच्यात मात्र 15 किलोमीटर अंतर धरले, तर त्यांच्या जोडीत जेमतेम 1 किलोमीटर वाचतो.

अशा सगळ्या जोड्यांची बचत काढून, सर्वांत मोठ्या बचतीपासून जोड्या लावत जायचे. गाडीची वजनक्षमता किंवा दिवसाचे तास संपले की तो फेरा बंद करायचा.

मग माल उशिरा का पोहोचतो?

कारण वेळ फक्त रस्त्यावर जात नाही. माल उतरवणे, मोजून देणे, जुनी बाकी वसूल करणे यातही जातो. एका दुकानाला 10 मिनिटे धरली आणि प्रत्यक्षात 20 लागली, तर बाराव्या दुकानापर्यंत 110 मिनिटे उशीर झालेला असतो. तोवर दुपारी बंद होणाऱ्या दुकानाचे शटर खाली आलेले असते. अशी दुकाने चार किलोमीटर जास्त पडले तरी आधी घ्यावीत. माल परत आणून दुसऱ्या दिवशी पुन्हा नेणे त्याहून महाग पडते.

चूक नेमकी कुठे, हे कसे ओळखायचे?

आठवडाभर चालकाला प्रत्येक दुकानी पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ लिहायला सांगावी. पहिल्याच दुकानी उशीर असेल आणि पुढे तो तेवढाच राहत असेल, तर दोष बहुधा गोदामातल्या भरणीत आहे. उशीर दुकानागणिक वाढत असेल, तर दुकानातला किंवा रस्त्यावरचा वेळ कमी धरला गेला आहे. दोन्हींत फरक लिहिलेल्या वेळांवरून कळतो.

दुकानातच वेळ जात असेल, तर गाडीत डोकवावे. शेवटच्या दुकानाचा माल सर्वांत आधी, म्हणजे आतल्या बाजूला भरलेला हवा. तसे नसेल, तर प्रत्येक थांब्यावर खोकी उपसण्यातच मिनिटे जातात.