नाव आलं, मजकूर वाटेतच

एका कारखान्यात बाराशे कामगार आहेत, असं समजा. पगाराची फाइल लेखा विभागाच्या संगणकावरून सर्व्हरवर चढवली जाते आणि रात्री दोन वाजता ठरवून ठेवलेला प्रोग्रॅम ती उचलून रकमा बँकेकडे पाठवतो. प्रत्येक ओळीत आधी खातेक्रमांक, मग रक्कम, मग नाव आणि शेरा असतो. ओळीची लांबी ८० बाइट, म्हणजे सगळी फाइल ९६,००० बाइटची.

त्या रात्री इंटरनेट संथ होतं. दोनच्या ठोक्याला सर्व्हरवर फक्त ६५,५३६ बाइट पोचले होते. म्हणजे ८१९ ओळी पूर्ण आणि ८२०व्या ओळीचे फक्त १६ बाइट:

```
00000000820,4850
```

खरी रक्कम ४८५०० होती. शेवटचं शून्य अजून वाटेत होतं. प्रोग्रॅमला मात्र खातेक्रमांक मिळाला, रक्कम मिळाली, त्याची काहीच तक्रार नव्हती. एका माणसाला दहावा हिस्सा पगार गेला, ३८० जणांना काहीच नाही आणि नोंदवहीत ‘काम यशस्वी’ असा शेरा पडला.

पुढचा भाग मला सर्वात घातक वाटतो. काम झाल्यावर प्रोग्रॅमने फाइल ‘झालेल्या कामां’च्या फोल्डरमध्ये हलवली. लिनक्सवर, फाइल सिस्टिम तीच असेल तर, हलवण्याने फक्त फाइलचा पत्ता बदलतो, तिच्यात चाललेलं लिखाण थांबत नाही. उरलेले बाइट त्याच फाइलमध्ये येत राहिले. सकाळी तक्रारी आल्यावर कुणी ती उघडून पाहिली तर बाराशेच्या बाराशे ओळी जागेवर! मग दोष बँकेवर ढकलला जातो. म्हणून काम सुरू करताना फाइलचा आकार आणि वाचलेल्या ओळींची संख्या नोंदवून ठेवायलाच हवी. नोंदीत ६५,५३६ आणि फोल्डरमध्ये ९६,००० दिसले की चोर सापडतो.

मुळात फाइलचं नाव आधी तयार होतं, मजकूर मागून येतो. त्या पहिल्या क्षणी आकार शून्य असतो आणि तिथेच जोडणी तुटली तर शून्यच राहतो. ‘फाइल आहे का?’ एवढंच विचारणाऱ्या प्रोग्रॅमला दोन्ही वेळा ‘आहे’ असंच उत्तर मिळतं.

पुष्कळ ठिकाणी यावर उपाय म्हणून आकार मोजतात, मिनिटभर थांबतात आणि पुन्हा मोजतात. आकार बदलला नाही तर फाइल पूर्ण आली असं धरतात. पाठवणाऱ्याच्या पद्धतीत बदल करणं आपल्या हातात नसेल तर हे ठीक, पण भरवसा ठेवावा असं नाही. जोडणी तुटून पडलेली अर्धवट फाइलही अगदी स्थिर असते.

खरा इलाज पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे. फाइल `pagar.csv.part` या तात्पुरत्या नावाने चढवायची आणि शेवटचा बाइट पोचल्याची खात्री झाल्यावरच तिचं नाव `pagar.csv` करायचं. त्याच फाइल सिस्टिमवर नाव एका झटक्यात बदलतं, अर्धवट बदलत नाही. रात्रीचा प्रोग्रॅम `.part` कडे पाहतच नाही, त्यामुळे मध्येच तुटलेली फाइल पडून राहते आणि कुणाचं नुकसान करत नाही.

तरीही एक फट उरते. लेखा विभागाच्या संगणकावरच फाइल अर्धवट तयार झाली असेल तर? ती अर्धवट फाइल इमानेइतबारे पोचेल, चेकसमही जुळेल, कारण पाठवलं तेच आलं एवढंच चेकसम सांगतो. म्हणून फाइलच्या शेवटी बेरजेची ओळ हवी:

```
T,1200,54000000
```

म्हणजे १२०० ओळी आणि एकूण ५ कोटी ४० लाख रुपये. या बेरजा पगाराच्या मूळ नोंदींवरून काढलेल्या हव्यात. प्रोग्रॅमने आधी सगळी फाइल वाचून स्वतः बेरीज करायची आणि ती जुळल्यावरच पहिला रुपया हलवायचा. अमेरिकेत बँकांमधल्या एसीएच व्यवहारांच्या फाइलींमध्ये ही सोय नेमांतच आहे. तिथे प्रत्येक ओळ ९४ अक्षरांची असते आणि ९ ने सुरू होणाऱ्या अखेरच्या नोंदीत व्यवहारांची संख्या आणि रकमांच्या बेरजा असतात.

या ओळीने शून्य बाइटचा पेचही सुटतो. एखाद्या दिवशी खरंच एकही व्यवहार नसेल तर फाइलमध्ये `T,0,0` एवढी ओळ यावी. मग रिकामी फाइल कधीच ‘आज काम नाही’ असं सांगू शकत नाही, ती चूकच ठरते.

आणि तपासणीत फाइल नापास झाली तर? तिला हात लावायचा नाही, हलवायचंही नाही. दहा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. तीन वाजेपर्यंत बेरीज जुळली नाही तर लेखा विभागातल्या ठरलेल्या माणसाचा फोन वाजला पाहिजे, म्हणजे बँकेची वेळ टळण्याआधी त्याला फाइल पुन्हा पाठवता येईल.