एकाचा वरखर्च, दुसऱ्याचा थेट खर्च

अनेक संस्थांनी मिळून केलेल्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात काही डॉलर असे असतात, की ते एका संस्थेच्या कागदावर अप्रत्यक्ष खर्च म्हणून दिसतात आणि दुसऱ्या संस्थेच्या कागदावर थेट खर्च म्हणून. दोन्ही नोंदी खऱ्या असतात. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा अंदाजपत्रकाच्या त्या कोरड्या वाटणाऱ्या रकान्यांकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

अमेरिकेच्या केंद्र सरकारी अनुदानांत ही व्यवस्था फार बारकाईने बांधलेली आहे, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. सरकार करार करतं फक्त मुख्य संस्थेशी. ही संस्था, समजा एखादं विद्यापीठ, आपल्या वाट्याचं काम स्वतः करते आणि बाकीचं काम भागीदार संस्थांना उप-अनुदान देऊन सोपवते. भागीदार चुकला तरी सरकारसमोर उभी राहते ती मुख्य संस्थाच.

आता आकडे मांडू. प्रकल्प तीन वर्षांचा आहे. मुख्य संस्थेचा स्वतःचा थेट खर्च, म्हणजे पगार, प्रवास, साहित्य, 2,00,000 डॉलर. भागीदार ‘अ’चा थेट खर्च 1,60,000 आणि भागीदार ‘ब’चा 40,000. वीज, इमारत, लेखा विभाग अशा वरखर्चासाठी प्रत्येक संस्थेला ठरावीक टक्के मिळतात. मोठी विद्यापीठं हा दर सरकारशी वाटाघाटी करून ठरवतात. आपल्या मुख्य संस्थेचा दर 40 टक्के धरू. ज्यांच्याकडे असा ठरलेला दर नाही, त्यांना ऑक्टोबर 2024पासून 15 टक्क्यांपर्यंत सरसकट दर लावता येतो. त्याआधी तो 10 टक्के होता. आपले दोन्ही भागीदार या 15 टक्क्यांतले.

अंदाजपत्रक नेहमी भागीदाराच्या बाजूने सुरू करायचं. ‘अ’चे 1,60,000 आणि त्यावरचे 24,000 मिळून 1,84,000. ‘ब’चे 40,000 आणि 6,000 मिळून 46,000. या दोन अखेरच्या बेरजा मुख्य संस्थेच्या अंदाजपत्रकात जशाच्या तशा जातात, आणि त्या जातात थेट खर्चाच्या रकान्यात. ‘अ’च्या वीजबिलासाठीचे ते 24,000 इथे येताच मुख्य संस्थेचा थेट खर्च झाले.

इथे मनात प्रश्न उभा राहतो. थेट खर्च झाला, तर मुख्य संस्थेने त्यावरही आपले 40 टक्के लावायचे का? तसं केलं तर 4,30,000 वर 1,72,000 वरखर्च लागेल. म्हणजे ‘अ’च्या कार्यालयात जळणाऱ्या दिव्यासाठी दोन संस्था पैसे घेणार. नियमाने हे थांबवलं आहे, पण पूर्णपणे नाही, आणि त्यातच त्याची खरी हुशारी आहे. भागीदाराला पैसे पाठवणं हेसुद्धा काम आहे: करार करावा लागतो, बिलं तपासावी लागतात, अहवाल मागवावे लागतात. मात्र उप-अनुदान दुप्पट झालं म्हणून हे काम दुप्पट होत नाही. म्हणून प्रत्येक उप-अनुदानाचे फक्त पहिले 50,000 डॉलर वरखर्चाच्या पायात धरायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. ऑक्टोबर 2024आधी ही मर्यादा 25,000 होती. ज्या संस्थांचे जुने दर-करार अजून चालू आहेत, त्यांच्या कागदावर अजूनही 25,000 असू शकतात, म्हणून आधी करार उघडून पाहावा लागतो.

मग हिशेब असा होतो. पाया म्हणजे स्वतःचे 2,00,000, ‘अ’चे 50,000 आणि ‘ब’चे पूर्ण 46,000, कारण ते मर्यादेच्या आतच आहेत. एकूण 2,96,000. त्यावर 40 टक्के म्हणजे 1,18,400. प्रकल्पाची एकूण मागणी 5,48,400 डॉलर. चुकीच्या पद्धतीपेक्षा हे 53,600ने कमी आहे, आणि हा फरक म्हणजे ‘अ’च्या वगळलेल्या 1,34,000चे बरोबर 40 टक्के. तपासणीचा हा सोपा मार्ग आहे: वगळलेली रक्कम गुणिले दर एवढाच फरक निघाला नाही, तर कुठेतरी सूत्र तुटलं आहे.

सर्वांत जास्त चूक होते ती वर्षवार तक्त्यात. ही मर्यादा उप-अनुदानाच्या पूर्ण आयुष्यासाठी एकदाच असते, दरवर्षी नवी मिळत नाही. ‘अ’ला पहिल्या वर्षी 60,000, दुसऱ्या वर्षी 64,000 आणि तिसऱ्या वर्षी 60,000 मिळणार असतील, तर पहिल्याच वर्षी 50,000 संपतात. पुढच्या दोन वर्षांत ‘अ’मुळे मुख्य संस्थेचा वरखर्च एक डॉलरनेही वाढत नाही. पहिल्या वर्षाचं सूत्र पुढे ओढत नेलं, तर पायात 1,00,000 डॉलर जास्तीचे शिरतात आणि मागणी 40,000ने फुगते. तक्ता बघूनच हे ओळखता येतं: भागीदाराचे पैसे दरवर्षी जवळपास सारखे असतील, तर पहिल्या वर्षानंतर मुख्य संस्थेचा वरखर्च खाली उतरलेला दिसायला हवा. तिन्ही वर्षं तो सपाट दिसला, तर थांबावं.

पैसे मंजूर झाल्यावर नोंदींचा दुसरा चमत्कार सुरू होतो. ‘अ’शी 1,84,000चा करार झाला, म्हणून तेवढा खर्च झाला असं होत नाही. ती फक्त बांधील रक्कम. ‘अ’ खर्च करून बिल पाठवतो, मुख्य संस्था ते तपासते आणि साधारणपणे बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे देते. म्हणून चांगल्या लेखापालाच्या तक्त्यात प्रत्येक भागीदारासमोर चार आकडे असतात: मंजूर, बिल आलेले, दिलेले आणि शिल्लक. ‘अ’ने अर्धं वर्ष बिलच पाठवलं नाही, तर शिल्लक भरपूर दिसते आणि ती दुसरीकडे वळवण्याचा मोह होतो. काम मात्र झालेलं असतं, फक्त बिल यायचं असतं.

मग वार्षिक लेखापरीक्षण. ‘अ’ने खर्च केलेले डॉलर मुख्य संस्थेच्या सरकारी खर्चाच्या तक्त्यात येतात आणि ‘अ’च्या तक्त्यातही. तेच डॉलर, दोन पुस्तकांत! देशभराची बेरीज केली तर ते दोनदा मोजले जातील. म्हणून मुख्य संस्थेच्या तक्त्यात पुढे पाठवलेल्या रकमेचा वेगळा रकाना असतो, आणि ‘अ’च्या तक्त्यात पैसे कोणामार्फत आले त्या संस्थेचं नाव लिहावं लागतं. दोन्ही नोंदी एकमेकींकडे बोट दाखवतात, त्यामुळे मोजणाऱ्याला एक वजा करता येते. प्रकल्प संपल्यावर भागीदाराला शेवटचे कागद द्यायला 90 दिवस असतात आणि मुख्य संस्थेला सरकारकडे द्यायला 120. मधले 30 दिवस ही दोन पुस्तकं जुळवायला मिळतात.

ही रचना सगळीकडे चालते असं नाही, आणि महाराष्ट्रातल्या संस्थांनी ते मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. भारतात परदेशी देणगी घेणाऱ्या नोंदणीकृत संस्था पूर्वी ती रक्कम दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला पुढे देऊ शकत. सप्टेंबर 2020मध्ये परकीय अंशदान कायद्याच्या कलम 7मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाट पूर्ण बंद झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनेही 1 मे 2025 रोजी जाहीर केलं, की नवी पद्धत तयार होईपर्यंत परदेशी भागीदारांना उप-अनुदान असलेली नवी अनुदानं ती देणार नाही. परदेशी भागीदाराला मुख्य अनुदानाशी जोडलेलं, पण वेगळं अनुदान थेट द्यायचं, असा विचार तिने तेव्हा मांडला.

भारतातल्या या बंदीमुळे पुण्यातली एखादी संस्था परदेशी देणगीतून यवतमाळच्या संस्थेबरोबर काम करणार असेल, तर वरच्यासारखं अंदाजपत्रक मांडून उपयोग नाही. कामाचा आराखडा एक ठेवता येतो, पण देणगीदाराशी करार दोन लागतात, अंदाजपत्रकंही दोन, आणि प्रत्येक संस्थेने रक्कम थेट आपल्याच परकीय अंशदान खात्यात घ्यायची. पुण्याच्या तक्त्यात यवतमाळचा रकाना येतच नाही.