वेळ मागताना आठवडा लिहून न्या

पाचगणीत हॉटेलात नोकरी करताय आणि सोबत स्वतःचं काही सुरू करायचंय? मग मॅनेजरला नुसतं ‘सर, वेळ ॲडजस्ट करा ना’ म्हणू नका. शनिवार-रविवारच्या गर्दीत कोण उभं राहणार, ही त्यांची चिंता. तिथेच जास्त वेळ द्या. अर्जात लिहा: ‘सोमवारी सुट्टी. मंगळवार, बुधवार दुपारी 12 पासून सहा-सहा तास. गुरुवार ते रविवार नऊ-नऊ तास. एकूण 48, आताइतकेच.’ नऊच्या वर जाऊ नका. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2025 पर्यंत रोजची मर्यादा तेवढीच होती. ट्रायल चार आठवड्यांची मागा, तीही जुलैत. मे महिन्यात कोण ऐकणार! त्या दोन सकाळी कोण सांभाळेल, त्याचं नाव त्याला विचारूनच टाका. पाहुण्यांची तक्रार आली तर जुनी वेळ परत, हेही लिहा.